परीक्षणातली आणि वर्गातली चित्रपटाची क्लिप: कॉपीराइटची सूट कुठवर चालते

प्रश्न: मी पुण्यात एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि चित्रपट परीक्षणाचं यूट्यूब चॅनेल चालवते. एका नव्या मराठी चित्रपटाच्या परीक्षणाचा १४ मिनिटांचा व्हिडिओ तयार आहे. त्यात चित्रपटाचे तुकडे मिळून ३ मिनिटं ४० सेकंद आहेत. ३० सेकंदांहून लहान क्लिप चालते असं सगळे म्हणतात, ते खरं का? आणि पटकथेच्या तासाला मी क्लिप दाखवून शिकवते, त्याचं रेकॉर्डिंग चॅनेलवर टाकलं तर शैक्षणिक वापर म्हणून चालेल का?

उत्तर: ३० सेकंदांचा नियम कायद्यात कुठेही नाही. सातचा नाही, दहाचा नाही आणि टक्केवारीचाही नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये कोणता वापर म्हणजे उल्लंघन नव्हे याची यादी आहे, आणि ती सेकंदांवर नाही तर वापराच्या हेतूवर बेतलेली आहे. तुमच्या दोन व्हिडिओंना या यादीतली दोन वेगवेगळी पोटकलमं लागू होतात. परीक्षणाला ५२(१)(ए), वर्गाला ५२(१)(आय) आणि (जे). लोकांची गफलत होते ती इथेच: वर्गाची सूट घेऊन ते चॅनेलवर जातात.

आधी परीक्षण घेऊ.

५२(१)(ए) म्हणतं की टीका किंवा परीक्षणासाठी कोणत्याही कृतीचा न्याय्य वापर, म्हणजे फेअर डीलिंग, हे उल्लंघन नाही. यातला ‘कोणत्याही कृतीचा’ हा शब्द २०१२ च्या दुरुस्तीने आला. त्याआधी हे पोटकलम साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांच्यापुरतंच होतं; चित्रपट आणि ध्वनिमुद्रण त्यात नव्हतं. म्हणून २०१२ पूर्वीचा एखादा निकाल दाखवून कुणी ‘चित्रपटाच्या क्लिपला फेअर डीलिंग लागूच होत नाही’ म्हणालं तर तो जुन्या मजकुरावरचा निकाल आहे हे ओळखा. परीक्षण त्याच कृतीचं असायला हवं असंही नाही, ‘त्या कृतीचं किंवा दुसऱ्या एखाद्या कृतीचं’ चालतं. नव्या चित्रपटाची जुन्या चित्रपटाशी तुलना करताना जुन्याची क्लिप घेतली तरी ती याच पोटकलमात बसते.

आता ‘न्याय्य’ कशाला म्हणायचं? त्याची व्याख्या कायद्याने मुद्दामच केलेली नाही. आपली न्यायालयं १९७२ च्या हबर्ड विरुद्ध व्हॉस्पर या इंग्लंडमधल्या निकालाचा आधार घेतात. त्यात लॉर्ड डेनिंग यांनी सांगितलेलं सूत्र साधं आहे: लांबलचक उतारे आणि त्याला जोडून चिमूटभर टिप्पणी असेल तर ते न्याय्य नसण्याची शक्यता जास्त, छोटे उतारे आणि सविस्तर टिप्पणी असेल तर न्याय्य असण्याची शक्यता जास्त. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन प्रकरणात तीन प्रश्न ठेवले: टीकेच्या मानाने किती आणि किती मोलाचा भाग उचलला, कशासाठी उचलला, आणि नवी कृती मूळ कृतीशी स्पर्धा करते का. तुमचा व्हिडिओ या तीन प्रश्नांसमोर ठेवला की बरंचसं कळतं.

हिशेबासाठी चित्रपट समजा २ तास १० मिनिटांचा आहे. ३ मिनिटं ४० सेकंद म्हणजे २२० सेकंद, म्हणजे जेमतेम २.८ टक्के. आकडा छोटाच वाटतो. पण तो तुमच्या व्हिडिओच्या बाजूने पाहिला तर १४ मिनिटांपैकी सव्वीस टक्के होतो, आणि ते २२० सेकंद कुठून आलेत यावर तर सगळंच ठरतं. अशा व्हिडिओंची मांडणी साधारण ठरलेली असते, ती धरून हे २२० सेकंद वाटून बघू.

सुरुवातीला ४० सेकंदांची झलक आहे: शीर्षकगीत पूर्ण आवाजात, वर देखणी दृश्यं, तुमचा शब्दही नाही. मग पाच प्रसंग, २५, २०, ३५, १५ आणि ३० सेकंदांचे, मिळून १२५. प्रत्येकानंतर तुम्ही बोलता. शेवटी ५५ सेकंदांचा कळसाचा प्रसंग, ज्यात मुलाला खरा प्रकार कळतो, तो अख्खा. याशिवाय तुमच्या बोलण्याखाली चार मिनिटं चित्रपटाचं पार्श्वसंगीत वाजतं, ते २२० मध्ये धरलेलंच नाही.

सुरुवातीची झलक काढून टाका. तिथे टीका नाही, परीक्षण नाही, नुसती सजावट आहे. व्हिडिओ पुढे परीक्षणाचाच आहे म्हणून ही ४० सेकंदं आपोआप परीक्षण होत नाहीत. प्रत्येक तुकड्याने आपलं काम स्वतः दाखवायला हवं. बोलण्याखालचं पार्श्वसंगीतही याच कारणाने जायला हवं. नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही, कारण ते हळू वाजत असतं. संगीतकाराच्या कामावर तुम्ही बोलत असाल तर पंधरा-वीस सेकंद वाजवा, थांबा, बोला. वातावरणनिर्मितीसाठी वाजवायचं असेल तर परवाना असलेलं दुसरं संगीत घ्या.

पाच प्रसंगांत तुमची बाजू भक्कम आहे, फक्त कात्री नीट लावायला हवी. यासाठी दोन उलटसुलट चाचण्या आहेत. क्लिप काढून फक्त तुमचं बोलणं ऐका. मुद्दा तसाच्या तसा उभा राहत असेल तर क्लिपची गरज नव्हती. मग तुमचं बोलणं काढून फक्त क्लिपा सलग लावून बघा. प्रेक्षकाला त्यातून चित्रपट पाहिल्याचं समाधान मिळत असेल तर जास्त घेतलंय. पहिल्या चाचणीत ३५ सेकंदांच्या प्रसंगातले शेवटचे दहा सहसा गळतात: संवाद संपलेला असतो, नायक जिना उतरून जात असतो, आणि संपादन करताना तो ‘छान शॉट’ कापायला जीवावर आलेलं असतं. पाच प्रसंग असे घासून २०, २०, २५, १५ आणि २० वर आणले तर १२५ चे १०० सेकंद होतात. शक्य असेल तिथे क्लिप चालू असतानाच थांबवा, चौकट गोठवा, कॅमेरा कुठे आहे त्यावर बोट ठेवा, मग पुढे न्या. अख्खी २५ सेकंदं दाखवून मग बोलण्यापेक्षा हे न्यायालयातही आणि प्रेक्षकासमोरही जास्त पटतं.

कळसाचा प्रसंग हा खरा धोका. इथे सिव्हिक चंद्रन निकालातला ‘किती मोलाचा भाग’ हा प्रश्न आड येतो. ५५ सेकंद म्हणजे चित्रपटाचा एक टक्काही नाही, पण चित्रपट ज्यासाठी पाहायचा तेच त्यात आहे. ते फुकट मिळालं की तिकीट काढायचं किंवा ओटीटीवर बघायचं एक कारण कमी होतं, आणि निर्मात्याचा वकील याच क्लिपपासून सुरुवात करेल. कळसावर टीका करायची मनाई नाही. लेखनातली चूक दाखवायला त्यातलं एक वाक्य आणि एक प्रतिक्रिया पुरते. १२ सेकंद घ्या, बाकी शब्दांत सांगा. आता एकूण ११२ सेकंद झाले, म्हणजे दोन मिनिटांच्या आत. ११२ हा आकडा पवित्र नाही. १५० चेही न्याय्य होऊ शकतील, ४० चेही अन्याय्य.

इथे एक फरक लक्षात ठेवा. तुमच्या तिखट परीक्षणामुळे लोक चित्रपटाला गेले नाहीत तर तो कॉपीराइटचा तोटा नव्हे. तुमच्या क्लिपा पाहून चित्रपट पाहिल्यासारखं झालं म्हणून गेले नाहीत, तर तो तोटा आहे. म्हणूनच ‘अख्खा चित्रपट दहा मिनिटांत’ छापाचे व्हिडिओ, ज्यांत निवेदक फक्त गोष्ट सांगतो आणि मागे दृश्यं पळत राहतात, या पोटकलमात बसवणं फार अवघड जातं. त्यात मत नसतं, पुनर्कथन असतं. चित्रपट चालू ठेवून कोपऱ्यात चेहरा दाखवत अधूनमधून ‘अरे बापरे’ म्हणणाऱ्या व्हिडिओंचंही तेच. जाहिरातींचे पैसे मिळतात म्हणून परीक्षणाची सूट मात्र जात नाही. वर्तमानपत्रातलं परीक्षणही धंद्याचाच भाग आहे. पैशामुळे स्पर्धेचा प्रश्न जास्त बारकाईने तपासला जातो इतकंच.

व्हिडिओच्या वर्णनात खाली ‘कलम १०७, कॉपीराइट कायदा १९७६’ असा लांब इंग्रजी मजकूर चिकटवला असेल तर काढून टाका. तो अमेरिकेचा कायदा आहे, आपल्याकडे त्याचा उपयोग नाही, आणि वाचणाऱ्या वकिलाला एवढंच कळतं की तुम्ही आपला कायदा पाहिलेला नाही. ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ लिहिल्यानेही परवानगी मिळत नाही. चित्रपटाचं नाव, दिग्दर्शक आणि निर्मिती संस्था पडद्यावर स्पष्ट द्या, कारण प्रामाणिकपणा त्यातून दिसतो. पण श्रेय देणं म्हणजे सूट मिळणं नव्हे. यूट्यूबच्या स्वयंचलित तपासणीला चकवायला चित्र आरशासारखं उलटं करणं, आवाजाची पट्टी बदलणं, कडेला जाड चौकट लावणं हे तर करूच नका. परीक्षणाला या गोष्टींची गरज नसते. त्या दिसल्या की लपवण्याचा हेतू होता एवढंच सिद्ध होतं, आणि कलम ५७ खाली कृतीची मोडतोड केल्याचा मुद्दाही निर्मात्याच्या बाजूला जोडला जाऊ शकतो.

क्लिप मिळवली कुठून, हेही विचारलं जातं. अधिकृत ट्रेलर, टीझर आणि प्रसिद्धीसाठी दिलेले प्रसंग यांतून मुद्दा भागत असेल तर तेच वापरा. ट्रेलरवरही कॉपीराइट असतोच, पण निर्मात्याने तो स्वतः सगळ्यांसमोर ठेवलेला असल्याने ‘आमचं गुपित फोडलं’ हे म्हणणं टिकत नाही. चित्रपटगृहात मोबाइलवर घेतलेली क्लिप मात्र कितीही छोटी असली तरी नको. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात चोरून चित्रण करणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आहे. कलम ५२ मधले अपवाद त्या गुन्ह्यालाही लागू केलेले आहेत, हे खरं. पण तो युक्तिवाद नंतर न्यायालयात करायचा असतो; फोन आधी जप्त होतो. ओटीटीवरून उतरवताना संरक्षक कुलूप तोडावं लागत असेल तर कलम ६५ए येतं. ते उल्लंघनाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा करतं, आणि कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी वाट मोकळी ठेवतं. म्हणजे परीक्षणासाठी बचाव आहे. सभासदत्व घेताना मान्य केलेल्या अटींचा भंग मात्र तरीही राहतो, आणि त्यावरून खातं बंद होऊ शकतं.

गाण्यांबद्दल वेगळं सांगावं लागतं. चित्रपटगीताच्या एका तुकड्यात गीतकाराचे शब्द, संगीतकाराची चाल, ध्वनिमुद्रण आणि पडद्यावरचं दृश्य असे निदान चार हक्क एकत्र असतात, शिवाय गायकाचा सादरीकरणाचा हक्क. बहुतेक वेळा ध्वनिमुद्रण म्युझिक कंपनीकडे असतं आणि दृश्य निर्मात्याकडे. परीक्षणाची सूट सगळ्यांना सारखीच लागू होते, पण तुमची टीका कशावर आहे ते पाहिलं जातं. छायाचित्रणावर बोलताना गाण्याचा आवाज ठेवायची गरज नसेल तर आवाज बंद करा. निम्मा त्रास तिथेच टळतो, कारण स्वयंचलित दावे सर्वांत जास्त आवाजावरच येतात. चित्रपटाऐवजी वाहिनीवर दाखवलेल्या कार्यक्रमाचा तुकडा घेतला असेल तर प्रक्षेपणाचा हक्कही मध्ये येतो. त्यासाठी कलम ३९ मध्ये खरंखुरं परीक्षण, अध्यापन आणि संशोधन यांसाठी उतारे घ्यायची वेगळी मुभा आहे.

आता वर्ग.

५२(१)(आय) नुसार शिक्षक किंवा विद्यार्थी अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत करू शकतात. इथे ‘न्याय्य वापर’ हे शब्दच नाहीत, म्हणून ही सूट परीक्षणाच्या सुटीपेक्षा बरीच ऐसपैस आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपी दुकानावर ऑक्सफर्डसह इतर प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये तिचा अर्थ लावला. अध्यापन म्हणजे फक्त तासभराचं व्याख्यान नव्हे, त्याआधीची तयारी आणि नंतरचा अभ्यासही त्यातच येतो. आणि किती भाग घेतला याची कसोटी टक्केवारी नसून शिकवण्याच्या उद्देशासाठी तो लागतो का, ही आहे. ५२(१)(जे) याच्या जोडीला येतं. शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवता येतं, पण प्रेक्षक कोण हे तिथे मोजून सांगितलं आहे: संस्थेचे शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं.

तेव्हा पटकथेच्या तासाला तुम्ही सहा मिनिटांचा प्रसंग सलग दाखवला आणि त्यावर अर्धा तास शिकवलं, तर वर्गात ते बिनधास्त चालेल. तेच रेकॉर्डिंग चॅनेलवर गेलं की दोन्ही आधार एकदम निसटतात. (आय) मधली मुभा प्रत करण्याची आहे, जनतेपर्यंत पोचवण्याची नाही, आणि चित्रपटाच्या बाबतीत हे दोन हक्क कायद्याने वेगळे ठेवलेले आहेत. जनतेला उपलब्ध करून देणं एवढ्यानेच ‘जनतेपर्यंत पोचवणं’ पूर्ण होतं. प्रत्यक्षात बघणारे बाराच विद्यार्थी असले तरी फरक पडत नाही. (जे) मध्ये पोचवण्याची मुभा आहे, पण त्या मोजक्या प्रेक्षकांपुरती. चॅनेलच्या नावात ‘शैक्षणिक’ शब्द घातल्याने जगभरचा प्रेक्षक तुमच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी होत नाही.

म्हणून रेकॉर्डिंग कुठे ठेवता यावर सगळं आहे. महाविद्यालयाच्या मूडलवर, किंवा संस्थेच्या ईमेलनेच उघडणाऱ्या गूगल क्लासरूममध्ये ठेवलं तर (जे) च्या चौकटीत राहाल. ड्राइव्हवर ठेवताना ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय बंद करून संस्थेपुरता प्रवेश ठेवा आणि डाउनलोड बंद करा. सत्र संपलं की जुन्या तुकडीचा प्रवेश काढा. यूट्यूबवरचा ‘अनलिस्टेड’ व्हिडिओ यात बसत नाही, कारण लिंक व्हॉट्सअॅपवरून कुठेही जाते. ‘प्रायव्हेट’ ठेवून ठरावीक ईमेल पत्त्यांना आमंत्रण देता येतं, पण पत्त्यांच्या संख्येला मर्यादा आहे आणि मोठ्या वर्गाला ते पुरत नाही.

सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासवाल्यांनाही हाच प्रश्न पडतो. ‘शिक्षणसंस्था’ या शब्दाची व्याख्या कायद्यात नाही. (आय) मध्ये तर संस्थेचा उल्लेखच नाही, फक्त शिक्षक आणि विद्यार्थी आहेत, त्यामुळे खासगी क्लासच्या खोलीत शिकवताना तिचा आधार घेता येतो. पण फी घेऊन अॅपवर विकलेल्या रेकॉर्ड केलेल्या कोर्सला हा आधार फार कच्चा आहे. तिथे शिकवणं आणि विक्री यांची सरमिसळ होते, आणि खरेदी करणारा कुणीही असू शकतो. अशा कोर्समध्ये क्लिप घालायची असेल तर परवाना घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तुमचा पटकथेचा तास चॅनेलवर येऊच शकत नाही का? येऊ शकतो, पण परीक्षणाच्या सुटीखाली, म्हणजे नव्याने संपादन करून. सहा मिनिटांचा सलग प्रसंग काढा. त्यातल्या ज्या चार जागांवर तुम्ही बोलता, ‘इथे माहिती लपवली’, ‘इथे पात्राचं उद्दिष्ट बदललं’, त्या प्रत्येकी दहा-पंधरा सेकंदांच्या ठेवा आणि मधला भाग पटकथेच्या पानासारखा स्वतः लिहून पडद्यावर दाखवा. पटकथेचं विश्लेषण ही त्या कृतीवरची टीकाच आहे, त्यामुळे ५२(१)(ए) लागू होण्यात अडचण नाही. याउलट मराठी व्याकरणातले प्रयोग समजावताना मुलांचं लक्ष टिकावं म्हणून विनोदी चित्रपटातला संवाद घातला, तर तिथे त्या चित्रपटावर किंवा दुसऱ्या कुठल्याही कृतीवर काही टीका नाही. वर्गात हा संवाद चालेल, चॅनेलवर नाही.

जुन्या चित्रपटांबाबत आधी कॉपीराइट शिल्लक आहे का तेवढं बघा. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६५ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट १ जानेवारी २०२६ ला मोकळा होतो. गाण्याच्या ध्वनिमुद्रणालाही प्रकाशनापासून ६० वर्षं. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे चित्रपट मोकळा आणि त्यातलं गाणं बांधलेलं, असं होऊ शकतं. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात प्रत आहे म्हणून ती वापरायला मोकळी आहे असंही समजू नका. प्रत सांभाळणारा आणि हक्काचा मालक हे वेगळे असू शकतात, आणि तिथून दृश्य घेतलं तर संस्थेच्या अटी वेगळ्या पाळाव्या लागतात.

राहिलं यूट्यूब. तिथे कायद्याच्या आधी यंत्र बोलतं. कंटेंट आयडी नावाची यंत्रणा क्लिप ओळखते, ती टीका आहे की चोरी हे तिला कळत नाही. म्हणून काटेकोर न्याय्य परीक्षणावरही दावा येऊ शकतो, आणि भरपूर उचललेला व्हिडिओ वर्षभर तसाच राहू शकतो. दावा आला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. दावा आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यात सहसा जाहिरातीचे पैसे समोरच्याकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो, चॅनेलला डाग लागत नाही. दाव्यावर पाच दिवसांत हरकत नोंदवली तर पहिल्या दिवसापासूनची कमाई निकालापर्यंत राखून ठेवतात. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. स्ट्राइक म्हणजे रीतसर काढून टाकण्याची मागणी. ९० दिवसांच्या मुदतीत असे तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं.

हरकत लिहिताना ‘हा फेअर यूज आहे’ एवढंच लिहिणारे हरतात. संपादन करतानाच एक तक्ता करून ठेवा: क्लिप व्हिडिओत कितव्या मिनिटाला आहे, किती सेकंदांची, कुठून घेतली, आणि तिच्यावर तुम्ही काय म्हणता. हरकतीत त्यातलंच उतरवायचं, म्हणजे असं:

“०४:१० ते ०४:३० या २० सेकंदांत आई-मुलाचा संवाद अधिकृत ट्रेलरमधून घेतला आहे. ०४:३० ते ०५:२५ मध्ये या संवादात पात्राची भूमिका आधीच्या प्रसंगाशी विसंगत कशी आहे याची चर्चा आहे. हा वापर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(ए) मधील टीका व परीक्षणासाठीचा न्याय्य वापर आहे.”

हेच इंग्रजीतही द्या.

स्ट्राइकला दिलेलं प्रतिउत्तर, ज्याला काउंटर नोटिफिकेशन म्हणतात, ते जास्त गंभीर आहे. ते दिल्यावर समोरच्याने १० कामकाजी दिवसांत कायदेशीर कारवाई केल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. पण त्यात तुमचं खरं नाव-पत्ता समोरच्याला जातो, आणि अमेरिकेबाहेरचा माणूस यूट्यूबचं कार्यालय जिथे आहे तिथल्या अमेरिकी न्यायालयाचा अधिकार मान्य करतो. हे वाचल्याशिवाय ते बटण दाबू नका. निर्माता थेट इथल्या न्यायालयात गेला तर कलम ६२ मुळे तो आपल्या व्यवसायाच्या ठिकाणी, म्हणजे बहुधा मुंबईत, दावा लावू शकतो, आणि पुण्याहून फेऱ्या तुम्हाला माराव्या लागतात. उलट कुणी नुसतीच नोटीस देऊन लाखांची मागणी करत असेल आणि दावा लावत नसेल, तर कलम ६० खाली ही धमकी निराधार आहे असं न्यायालयाकडून ठरवून घेता येतं आणि तिच्यामुळे झालेलं नुकसानही मागता येतं. समोरच्याने मधल्या काळात खरोखर दावा लावला तर हा मार्ग बंद होतो. नोटीस आली की व्हिडिओ घाईने उडवू नका. तो ‘प्रायव्हेट’ करा, मूळ फाइल आणि क्लिपांचा तक्ता जपून ठेवा, आणि पैशाबद्दल एक अक्षरही लिहून देण्याआधी वकिलाला दाखवा.

एखादी लांब क्लिप किंवा अख्खं गाणं तुम्हाला हवंच असेल तर सुटीत बसवायची ओढाताण करण्यापेक्षा निर्मिती संस्थेला ईमेल करा. त्यात चॅनेलची लिंक, नेमकी कुठली दृश्यं आणि किती सेकंद, व्हिडिओ कधी येणार, जाहिरात असेल की नाही, हे लिहा आणि उत्तरात ‘यूट्यूबवर कायमस्वरूपी, जगभर’ असा उल्लेख मागा. गाणं असेल तर म्युझिक कंपनीला वेगळं लिहावं लागेल. आणि परवानगी मिळाली की यूट्यूबच्या यंत्रणेतून तुमचं चॅनेल वगळायलाही त्यांना सांगा, नाहीतर हातात परवानगीचं पत्र असूनही दावा येतोच.